इंग्रजी नोटिशीचं मशीनने केलेलं मराठी: कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं मोडायचं?

शब्दखुंटी

मंडळी, कामात अडकले आहे, जरा डोकं लावा.

चेक परत आल्याच्या नोटिशीचं काम आलंय. कलम १३८ची नेहमीची वकिली नोटीस, मूळ इंग्रजीत. पलीकडचा माणूस तालुक्याच्या गावचा दुकानदार, म्हणून वकिलांना ती मराठीतून पाठवायची आहे. मधल्या एजन्सीने ती आधीच मशीनमधून काढली आणि मला म्हणाले, "ताई, भाषांतर झालेलंच आहे, फक्त नजर फिरवा." नजर फिरवण्याचा दर अर्थातच निम्मा.

एकूण ३१ वाक्यं आहेत. काही वाचून हसू येतं, ती सोपी. "तुमचा धनादेश अपमानित झाला" हे कुणीही पकडेल. "भागीदार"च्या जागी "जोडीदार" आहे, तेही दिसतं. त्रास होतोय तो सरळ, गुळगुळीत वाचल्या जाणाऱ्या वाक्यांचा. उदाहरणार्थ मागणीचा परिच्छेद मशीनने असा दिलाय:

"तुम्हाला याद्वारे आवाहन करण्यात येते की, ही सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत वार्षिक १८% व्याज आणि सूचना शुल्क रु. ५,५००/- सह रु. ४,७५,०००/- ही उक्त धनादेशाची रक्कम भरावी."

व्याकरणात खोट नाही, आकडेही बरोबर आहेत. तरी मला ते खटकतंय. एजन्सी म्हणते, चूक दाखवा, तरच पुनर्लेखनाचे पैसे. तुम्ही काय पाहून ठरवता?

बिट्या

सोपं आहे. मराठी मजकूर पुन्हा मशीनला देऊन इंग्रजी करून घ्या आणि मुळाशी ताडून बघा. जिथे फरक पडेल तेवढंच वाक्य हाताने लिहा. ३१ वाक्यांना अर्धा तास पुरेल.

कोकणकडा

मलापण नोटीस आली आहे. सोसायटीची, मेंटेनन्स थकल्याबद्दल. उत्तर द्यावं लागतं का? इंग्रजीत आहे.

मेथीदाणा

@कोकणकडा, आधी मेंटेनन्स भरा, मग भाषांतराचं बघू :)

शब्दखुंटी

@बिट्या, ते करून पाहिलं, आणि तिथेच तर फसायला होतं. नोटिशीच्या शेवटी "विदाउट प्रेज्युडिस" आहे. मशीनने लिहिलं "पूर्वग्रहाशिवाय". हे परत इंग्रजी केलं की पुन्हा "विदाउट प्रेज्युडिस"च येतं, म्हणजे पैकीच्या पैकी मार्क! मराठी वाचणाऱ्या दुकानदाराला मात्र वाटेल की वकीलसाहेब मनात काही न धरता पत्र लिहितायत. खरा अर्थ असा की माझ्या अशिलाचे बाकीचे हक्क शाबूत आहेत, या नोटिशीने त्यांना बाध येत नाही.

बिट्या

ओह. म्हणजे जाताना चुकलं तेच येताना सरळ झालं. मान्य, हे मी धरलं नव्हतं.

दिवाणी

ताई, तालुका कोर्टात बावीस वर्षं काढली, त्यात १३८च्या नोटिसा मोजायच्या सोडून दिल्यात. तुमचं खटकणं बरोबर आहे. त्या परिच्छेदातला सगळ्यात धोकादायक शब्द आहे "सह".

मुळात काय असणार ते न बघता सांगतो. चेकची रक्कम पावणेपाच लाख द्या, आणि त्यावर व्याज आणि नोटिशीचा खर्चही द्या. म्हणजे पावणेपाच लाख अधिक बाकीचं. मशीनच्या मराठीत "व्याज आणि शुल्कासह रु. ४,७५,०००/-" झालंय. आपण "जेवणासह तिकीट ८०० रुपये" म्हणतो तेव्हा जेवण आठशेतच धरलेलं असतं. म्हणजे मराठी वाचणारा म्हणणार, व्याज आणि खर्च धरून पावणेपाच लाख. मग निव्वळ चेकची मागणी किती? ४,७५,००० वजा काहीतरी?

आता हे नुसतं शब्दांचं भांडण आहे का? नाही. १३८मध्ये मागणी "सदर रकमेची", म्हणजे चेकच्या रकमेची करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सुमन सेठी प्रकरणात सांगितलं की व्याज, खर्च वेगळे दाखवून मागितले तर चालतं, चेकची रक्कम स्वच्छ वेगळी दिसली पाहिजे. सगळं एकत्र कालवून मागितलं तर नोटीस अडचणीत येते. आणि सप्टेंबर २०२५मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या निकालात तर चेक एक कोटीचा आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची होती. टायपिंगची चूक झाली हा खुलासा न्यायालयाने मानला नाही. फिर्याद गेली.

त्यामुळे तुमच्या एजन्सीला सांगा, आकडा बरोबर आहे पण आकड्याचं नातं चुकलंय. हे वाक्य दुरुस्त होत नाही, मोडून दोन करावं लागतं.

जुनापेठकर

+१. "सह"ने गेलेल्या केसेस मी पाहिल्यात असं म्हणणार होतो, पण मी वकील नाही, मी जेवणासह तिकिटात फसलेला माणूस आहे.

नानाकाका

दिवाणीसाहेबांशी सहमत. मी कोर्टात लघुलेखक होतो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आमच्या वेळी हा परिच्छेद वकील तोंडी सांगायचे आणि आम्ही डोळे मिटून टाइप करायचो:

"सबब या नोटिशीद्वारे तुमचेकडे मागणी करण्यात येते की, ही नोटीस तुम्हांस मिळालेपासून १५ दिवसांचे आत सदर चेकची रक्कम रु. ४,७५,०००/- (अक्षरी रुपये चार लाख पंचाहत्तर हजार फक्त) माझे अशिलास अदा करावी. याखेरीज सदर रकमेवर द.सा.द.शे. १८ प्रमाणे व्याज व या नोटिशीचा खर्च रु. ५,५००/- वेगळा द्यावा."

दोन वाक्यं, संपलं. "सबब", "सदर", "द.सा.द.शे." हे शब्द जुने वाटतील, पण प्रत्येकाला शंभर वर्षं घासून एकच अर्थ उरलाय. "उक्त" हा आमच्या नोटिशींतला शब्दच नव्हे, तो कायद्याच्या पुस्तकातला. "सूचना" तर अजिबात नको. सूचना फळ्यावर लावतात, वकील नोटीस देतो.

मेथीदाणा

नाना, "सबब" कळायला दुकानदाराला दुसरा वकील करावा लागेल.

नानाकाका

दुकानदाराच्या बापाला कळत होतं हो. आणि व्यापाऱ्याला द.सा.द.शे. कळत नाही असं मला सांगू नका!

शब्दखुंटी

नाना, दोन वाक्यांची मांडणी जशीच्या तशी उचलते. "मिळालेपासून", "दिवसांचे आत" ही वळणं मात्र आजच्या मराठीत आणेन, "मिळाल्यापासून", "दिवसांच्या आत". "सबब" ठेवायचं की "म्हणून", हे वकिलांना विचारते.

@दिवाणी, "आवाहन"बद्दल तुमचं काय मत? मुळात "कॉल अपॉन यू" आहे.

दिवाणी

आवाहन रक्तदानाचं करतात. इथे कायद्याला मागणी हवी. पण खरं सांगायचं तर निव्वळ "आवाहन" लिहिलंय म्हणून नोटीस पडेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पूर्ण वाक्य वाचून कोर्ट म्हणू शकतं की पैसे द्या असं स्पष्ट सांगितलंय, तर ती मागणीच झाली. मी मात्र समोरच्या वकिलाला ती फट ठेवणार नाही. एक शब्द बदलायला पैसे पडत नाहीत.

मोडीवाचक

मी सरकारी खात्यासाठी भाषांतर करते, नोटिशींचा अनुभव कमी आहे. पण मशीनचा मजकूर तपासताना आमची एक सवय आहे. पहिल्यांदा मूळ बघायचंच नाही. फक्त मराठी वाचायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर स्वतःला विचारायचं की कोण, कुणाला, किती, कधीपर्यंत, नाहीतर काय. ज्याचं उत्तर मराठीतून मिळत नाही किंवा दोन मिळतात ते वाक्य खूण करून ठेवायचं. मूळ उघडायचं ते नंतर. आधी इंग्रजी वाचलं की आपलं डोकं मराठीतली भोकं आपोआप बुजवतं, आणि "पूर्वग्रहाशिवाय" दिसलं तरी आपण मनात "प्रेज्युडिस" वाचून पुढे जातो.

शब्दखुंटी, तुमच्या परिच्छेदात "किती" या प्रश्नाला दोन उत्तरं येतात. एजन्सीला चूक अशी दाखवता येईल.

शब्दखुंटी

हे फार कामाचं निघालं. आत्ता तसं करून पाहिलं, आणि एक नवीनच भूत सापडलं.

मुळात चेकची तारीख 03/11/2025 अशी आहे, म्हणजे ३ नोव्हेंबर. मशीनने लिहिलंय "११ मार्च २०२५ रोजीचा धनादेश". बँकेच्या रिटर्न मेमोची तारीख 14/11/2025 होती, ती मात्र बरोबर "१४ नोव्हेंबर" आली, कारण चौदावा महिना नसतो! एक तारीख बरोबर दिसली म्हणून मी दुसरीकडे पाहिलंच नव्हतं. "कधी" हा प्रश्न विचारला तेव्हा लक्षात आलं की मार्चचा चेक नोव्हेंबरात कुठे भरतात?

दिवाणी

झाली की पंचाईत! चेकची मुदत तीन महिन्यांची, २०१२पासून. मार्चचा चेक नोव्हेंबरात भरला तर तो शिळा चेक, १३८ लागूच होत नाही. म्हणजे तुमच्या अशिलाने आपल्याच नोटिशीत आपली केस बाद करून घेतली असती. मूळ चेक हातात असतो, ३ नोव्हेंबर सिद्ध करता येईल, पण उलटतपासात पहिला अर्धा तास यातच जाणार.

नोटिशीत तारखा आकड्यांत ठेवूच नका, महिना अक्षरात लिहा. आणि वकिलांनाही सांगा की मूळ इंग्रजीतसुद्धा तसंच करा.

बिट्या

माझी पत घसरलीय ती थोडी सावरतो. आकडे तपासायला माणूस बसवू नका. दोन्ही मजकुरांतले सगळे आकडे काढून शेजारी ठेवा. पायथनला देवनागरी अंकही कळतात, वेगळं काही करावं लागत नाही:

```
import re

def numbers(text):
    found = re.findall(r'\d+', text.replace(',', ''))
    return sorted(int(x) for x in found)

print(numbers("रु. ४,७५,०००/-"))   # [475000]
```

मूळ आणि मराठी दोन्हींवर चालवा. तारीख उलटली की एका यादीत ३ उरेल, दुसरीत नसेल, लगेच कळेल. अर्थात महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की तो ११ही एका बाजूला उरणार, तेवढं डोळ्यांनी वळतं करा. चेकचा नंबर, खाते नंबर, कलमं, रकमा यांना हे छान चालतं. "सह"चा घोळ यात दिसणार नाही, हे आधीच कबूल करतो.

जुनापेठकर

कबुलीजबाब नोंदवून घेतला.

कोकणकडा

माझ्या नोटिशीतही तारीख 04/05 अशी आहे. मे का एप्रिल?

मेथीदाणा

@कोकणकडा, तुम्ही दोन्ही महिन्यांचे भरा.

सांडगे

आमच्या धाकट्या भावाला अशीच मशीनची नोटीस आली होती. त्यात नाव पहिल्या पानावर "काळे", दुसऱ्यावर "काले". तो म्हणाला, काले कोण ते मला माहीत नाही, मी काळे आहे, मी नोटीस घेणार नाही. पोस्टमनशीच भांडला. पुढे वकिलाने समजावलं की पत्ता बरोबर आहे, नोटीस नाकारलीस तर ती मिळाल्यासारखीच धरतील. शेवटी पैसे भरले. चेक "अपमानित" झाला होता म्हणून घरात सगळे त्याला अजून चिडवतात.

नानाकाका

नावं मशीनवर सोडूच नयेत. इंग्रजी स्पेलिंगवरून साठे की साथे हे देवालाही कळत नाही. चेकवर, करारावर, आधारवर मराठीत जसं असेल तसं लिहावं. आणि एकदा लिहिलं की शेवटपर्यंत तेच.

मोडीवाचक

गावांचंही तेच. वणी, वाणी आणि वनी यांचं इंग्रजी स्पेलिंग एकच होतं. पत्ता चुकला तर "नोटीस मिळालीच नाही" म्हणायला जागा.

तिरफळ

पणजीहून. एक आडवा प्रश्न. तुम्ही सगळे शब्द बदलताय, पण ही नोटीस फुकटच्या वेबसाइटवर चढवली होती का? अशिलाचं नाव, खाते नंबर, समोरच्याचा पत्ता, सगळं त्यात आहे. आमच्याकडे एका वकिलाने नुसतं याच कारणावरून एजन्सीचं काम बंद केलं.

शब्दखुंटी

एजन्सीने कुठलं मशीन वापरलं ते मला सांगितलेलं नाही. विचारते. मी स्वतः तपासायला टाकते तेव्हा नावांच्या जागी अ, ब आणि खात्याच्या जागी फुल्या टाकते.

तिरफळ

बरं केलंत. मग पुढे चला.

शब्दखुंटी

पुढचं. हे वाक्य बघा. मूळ असं आहे की चेक "इन डिस्चार्ज ऑफ युवर लीगल लायबिलिटी" दिला होता. मशीन:

"तुम्ही तुमची कायदेशीर जबाबदारी पार पाडताना सदर धनादेश जारी केला."

मोडीवाचकच्या पद्धतीने वाचलं तर कुठे अडत नाही. कोण, तुम्ही. काय, धनादेश. मग हे ठेवायचं का?

मोडीवाचक

मी ठेवलं असतं. वाचायला स्वच्छ आहे.

दिवाणी

नका ठेवू. इथे मोडीवाचकताईंची चाळणी अपुरी पडते, कारण वाक्य मराठी म्हणून उत्तम आहे आणि कायदा म्हणून पोकळ. १३८चा कणाच हा की चेक कुठल्यातरी कायदेशीर देण्यापोटी दिलेला असावा. देणगी, भेट म्हणून दिलेला चेक परत आला तर हे कलम लागत नाही. "कायदेशीर जबाबदारी पार पाडताना" म्हणजे काय? मतदान करतानाही मी कायदेशीर जबाबदारीच पार पाडतो. त्यात पैशाचं देणं कुठे आलं?

"तुमच्याकडून माझ्या अशिलास येणे असलेल्या कायदेशीर देण्याच्या फेडीपोटी तुम्ही सदर चेक दिला." येणे, देणे, फेड, पोटी. हे चारही शब्द व्यापाऱ्याच्या वहीतले आहेत, त्याला समजावून सांगायला नको.

मोडीवाचक

खरंय. ही चूक मला मराठी वाचून कधीच सापडली नसती. यासाठी कलम माहीत असलेला माणूस लागतो.

बिट्या

म्हणजे तुमच्या दोघांच्या चाळण्या वेगळ्या चुका पकडतात. माझी तिसरी.

जुनापेठकर

चौथी कोकणकडांची. ते कुठलीही नोटीस वाचत नाहीत, त्यामुळे त्यांना कुठलीच चूक सापडत नाही.

नानाकाका

रिटर्न मेमोवरच्या शेऱ्याचं काय केलंत? मशीन त्याचंही भाषांतर करतं.

शब्दखुंटी

हो, "निधी अपुरा" केलंय. मी विचार केला की बरं आहे, ठेवू.

दिवाणी

अर्थ बरोबर आहे, पण तो बँकेचा शेरा आहे. पुढे मेमो कोर्टात दाखल होणार, त्यावर जे छापलंय तेच अवतरणात द्या, देवनागरीत "फंड्स इनसफिशिएंट" असं, आणि पुढे "म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नसल्याच्या शेऱ्यासह न वटता परत आला" असं लिहा. बँकेने काय म्हटलं आणि आपण काय म्हणतो, हे वेगळं दिसलं पाहिजे. इथे "सह" चालेल हां, जुनापेठकर :)

शिक्षेचं वाक्यही एकदा बघा. दोन वर्षां*पर्यंत* कारावास किंवा चेकच्या दुपटी*पर्यंत* दंड किंवा दोन्ही. मशीन "पर्यंत" गिळतं आणि "किंवा"चं "आणि" करतं असा माझा अनुभव.

शब्दखुंटी

पाहिलं. पहिला "पर्यंत" आहे, दुसरा गायब. "किंवा" शाबूत.

विहीरवाली

मला यात राहून राहून एक वाटतं. तुम्ही ज्या दराने काम घेतलंय त्यात हे सगळं बसतं का? मीही दोन वर्षं "नजर फिरवण्याचं" काम केलं. मशीनचं वाक्य वाचायचं, मूळ वाचायचं, दोन्ही ताडायचं, मग मोडून नवीन लिहायचं. कोऱ्या कागदावर मूळ समोर ठेवून लिहिलं असतं तर याहून लवकर झालं असतं. नोटिशीसारख्या ३१ वाक्यांच्या मजकुराला मशीन हवंच कशाला? नानांसारख्याचा एक जुना नमुना घ्या, नावं, रकमा, तारखा भरा.

दिवाणी

नमुना वापरणारे आम्हीही आहोत, पण त्याची वेगळी गंमत. मागच्या पक्षकाराचा चेक नंबर तसाच राहिलेल्या नोटिसा मी पाहिल्यात. माझ्याच ऑफिसातून एक गेली होती, सुदैवाने तीस दिवसांच्या आत लक्षात आलं आणि दुसरी पाठवली. मेमोची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस निघाली पाहिजे, त्यामुळे चूक उशिरा सापडली तर दुरुस्तीला दिवसच उरत नाहीत. ताई, तुमचा मेमो १४ नोव्हेंबरचा. चर्चा करा, पण कॅलेंडरकडे लक्ष असू द्या.

शब्दखुंटी

हिशेब सांगते. ३१पैकी ९ वाक्यं तशीच राहिली: पत्ते, "वरील विषयास अनुसरून" छापाची वाक्यं, चेक कुठल्या शाखेत भरला वगैरे. तिथे मशीनने खरंच माझा वेळ वाचवला. १३ वाक्यांत एक-दोन शब्द बदलले, सूचनाची नोटीस, क्लायंटचं अशील, "अयशस्वी झाल्यास"चं "तसे न केल्यास". उरलेली ९ मुळातून लिहिली. मागणी, मुदत, देणं, शिक्षा, हक्क राखून ठेवण्याचं वाक्य सगळं त्या नवांत आलं. एजन्सीला त्या नऊंची यादी पाठवली, प्रत्येकापुढे एका ओळीत "असं वाचलं तर काय होईल" हे लिहून. "मराठी बरोबर नाही" असं एकदाही लिहिलं नाही. त्या नऊंना पूर्ण दर मिळाला, १३ना निम्मा. वेळ मात्र विहीरवाली म्हणतात तेवढाच लागला, ते खोटं नाही.

विहीरवाली

नऊंना पूर्ण दर मिळाला हेच आश्चर्य. माझ्या एजन्सीला ही यादी पाठवू का?

शब्दखुंटी

पाठवा, नावं काढून.

तिरफळ

मूळ इंग्रजी पण सोबत पाठवणार का? दोन्हींत फरक निघाला तर कुठलं धरायचं?

दिवाणी

मी ज्या कागदावर सही करतो ती माझी नोटीस. मराठीवर सही केली तर मराठीच पाठवतो, इंग्रजी फाइलला राहतं. दोन्ही पाठवणारे वकील आहेत, त्यांची कारणंही असतात. मला ते म्हणजे समोरच्याला दोन संधी दिल्यासारखं वाटतं.

शब्दखुंटी

आज वकिलांकडून परत आलं. मी एकच जागा प्रश्न करून सोडली होती. मुळात "फ्रेंडली लोन" होतं. मशीनने "मैत्रीपूर्ण कर्ज" केलं, मी "हातउसनी रक्कम" केलं आणि शेजारी लिहिलं की हातउसने हा शब्द व्याजाशिवाय दिलेल्या पैशांसाठी वापरतात, आणि तुम्ही १८ टक्के व्याज मागताय, तर पाहून घ्यावं. वकिलांचा फोन आला. म्हणाले, इंग्रजीत हे कुणाच्या डोळ्यांवर आलंच नव्हतं.

दिवाणी

येणारच नाही, "फ्रेंडली लोन" लिहायची सवय झालीय. मराठीत आलं की उघडं पडतं. समोरचा वकील विचारणार, हातउसने दिले तर व्याज कसलं, आणि व्याजाने दिले तर सावकारीचा परवाना कुठाय? एका व्यवहाराने कुणी सावकार होत नाही, उत्तर आहे त्यावर, पण प्रश्न येणार. मग काय ठरलं त्यांचं?

शब्दखुंटी

"हातउसनी" ठेवली. व्याज चेकच्या तारखेपासून मागितलं होतं, ते नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस उलटल्यानंतरचं केलं. इंग्रजी मूळही बदललं. "सबब" राहिला, नाना.

नानाकाका

पेढे कधी?

कोकणकडा

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. 04/05 म्हणजे एप्रिल २००४ ते मार्च २००५ची थकबाकी आहे म्हणे. तेव्हा तर फ्लॅट माझ्या नावावरही नव्हता.